‘आत रस्ताच नाही’ असं वाटतं तेव्हा

प्रश्न : माझं वय २४. लग्नाला दीड वर्ष झालं, पण संबंध एकदाही जमला नाही. नवरा चांगला आहे, जबरदस्ती करत नाही. तो जवळ आला की अंग आपोआप आकसतं, भिंत लागल्यासारखं होतं. मूल का नाही म्हणून सासूबाईंनी तालुक्याला दवाखान्यात नेलं. तिथं चिमटा आत घालायला गेले तर मी ओरडले, पाय जुळवून घेतले. मॅडम रागावल्या. दुसरे डॉक्टर म्हणाले, पडदा जाड आहे, भूल देऊन छोटी चीर देऊ. पाळी दर महिन्याला नीट येते. ऑपरेशन करून घेऊ का? आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, घरात सहा माणसं.

उत्तर : ताई, ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर आधी ती पुढं ढकला. मग त्या डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘पडदा जाड आहे हे तुम्ही बघून सांगितलं की अंदाजानं?’ कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी कोणाला काही बघताच आलेलं नाही. पडदा बघायला चिमटा लागत नाही. चांगला उजेड असेल आणि बाई सैल पडलेली असेल, तर बाहेरूनच दोन बोटांनी कडा किंचित बाजूला करून तो एक-दोन मिनिटांत दिसतो.

पडद्याचा खरा दोष असतो, तो नाकारत नाही. एकात पडदा पूर्ण बंद असतो. अशा मुलीची पाळी बाहेर येतच नाही, तेरा-चौदाव्या वर्षी दर महिन्याला पोट दुखतं आणि रक्त आत साचत जातं. तुमची पाळी नीट येते, म्हणजे हा प्रकार नाही. दुसऱ्यात वाटेच्या मधोमध दोरीसारखी पट्टी असते. पाळी येते, पण आत जाताना अडतं. तिथं छोटी चीर देणं बरोबरच आहे. ही पट्टी मात्र डोळ्यांनी दिसते आणि त्यात अंग ‘आपोआप आकसत’ नाही. तुमच्या प्रश्नातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले शब्द हेच आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं स्त्रीरोगाचा दवाखाना चालवते. ‘भिंत लागते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं तरी अर्धं निदान होतं. नवऱ्यांचं वाक्यही ठरलेलं, ‘म्याडम, आत रस्ताच नाई हाये.’

रस्ता आहे. पण त्याच्या दाराशी स्नायूंची एक झोळी आहे. लघवी किंवा गॅस थोपवून धरताना आपण जे आवळतो, तीच ही झोळी. दारातून आत गेलं की बोटाच्या पहिल्या-दुसऱ्या पेराएवढ्या अंतरावर तिचा मुख्य भाग लागतो. लहान लेकराचे डोळे आले असताना त्यात थेंब टाकायला गेलात तर काय होतं आठवा. थेंब पडायच्या आधीच पापणी मिटते. लेकरू मुद्दाम मिटत नाही, त्याला रागावून ती उघडतही नाही. तुमच्या त्या स्नायूचं असंच आहे. काही आत येणार आणि दुखणार अशी वर्दी मेंदूला मिळते आणि तुम्हाला विचारल्याशिवाय तो झोळी आवळतो. बरोबर मांड्या जुळतात, कंबर वर उचलली जाते, पायाची बोटं वळतात. आवळलेल्या स्नायूवर जोर पडला की खरंच दुखतं आणि मेंदूची खात्री होते, ‘बघ, म्हटलं होतं ना.’ पुढच्या वेळी तो आणखी लवकर आवळतो. याला डॉक्टर व्हजायनिस्मस म्हणतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन यादीत दुखणं, भीती आणि आवळणं हे सगळं एकाच लांबलचक नावाखाली घेतलंय, त्यामुळे केसपेपरवर वेगळं काही लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका.

म्हणून यातून ‘प्रेम नाही’, ‘इच्छा नाही’, ‘मनात दुसरं कोणी आहे’ असा अर्थ काढायचा नसतो. यातल्या कितीतरी बायकांना नवऱ्याचा स्पर्श आवडतो, ओलावा येतो, बाहेरच्या स्पर्शानं सुखही मिळतं. अडतं फक्त आत जाताना. नवऱ्याला हे नीट सांगा, कारण दीड वर्षानंतर चांगल्या माणसाच्या मनातही शंका घर करते.

आता चीर देण्याबद्दल. ही कल्पना फार जुनी आहे. व्हजायनिस्मस हे नाव दिलं जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यचिकित्सकानं, १८६२ साली. आमच्या प्रत्येक लेबर रूमच्या ट्रेमध्ये त्याच्या नावाचं स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचा चिमटा असतो, तोच हा माणूस. त्यानं उपाय सांगितला तो असा : पडदा कापून काढायचा, दाराशी चीर द्यायची आणि मग काचेचा डायलेटर, म्हणजे गुळगुळीत दांडा, रोज घालून ठेवायचा. आजचा अनुभव सांगतो की कामाची गोष्ट यातली शेवटची होती. आवळतो तो स्नायू पडद्यात नाही, आणि स्नायूला हुकूम देणारा मेंदू तर त्याहून लांब. भुलेखाली तो हुकूम बंद असतो, म्हणून टेबलावर सगळं सैल आणि मोकळं दिसतं. भूल उतरली की हुकूम परत सुरू होतो, आता वर टाक्यांची जागा दुखणारी. माझ्याकडे अशी चीर देऊन आलेल्या बायका आहेत. त्यांचं काम अवघड झालं होतं, सोपं नाही.

दोष फक्त दुसऱ्यांचा नाही. दवाखाना सुरू केला त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही एका पोरीला ‘थोडं सहन कर, लेकरू पाहिजे ना?’ असं म्हणून तपासलं होतं. सिस्टरनं गुडघे धरले होते. तपासणी झाली, आत सगळं नॉर्मल होतं, मी तसं लिहून दिलं. ती परत कधी आली नाही. तिच्या मेंदूची खात्री मीच पक्की करून दिली, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून तुमच्यावर रागावलेल्या मॅडमबद्दल मी कठोर बोलणार नाही. पण तशी तपासणी परत होऊ देऊ नका.

माझी आताची पद्धत सांगते, म्हणजे कुठंही गेलात तरी काय मागायचं ते कळेल. पहिल्या भेटीत कमरेखाली हातच लावत नाही. सासूबाईंना बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोलते, मग नवऱ्याशी एकट्याशी, मग दोघांशी. सगळ्यात आधी एक साधा प्रश्न विचारते : संबंध होतो का? हसू नका. मूल नाही म्हणून आलेल्या जोडप्यांची जाड फाइल असते, रक्त, वीर्य, सोनोग्राफी, सगळं असतं. पण हा प्रश्न बऱ्याचदा कोणी विचारलेलाच नसतो. आणि बाई ‘आतली सोनोग्राफी’ करू देत नाही, असा शेरा तेवढा असतो.

दुसऱ्या भेटीत तपासणी, पण चिमट्याशिवाय. बाई उशीला टेकून अर्धवट बसते, हातात आरसा. मी काय बघतेय ते तिलाही दिसतं. ‘थांबा’ म्हटलं की मी हात काढते, आणि पहिल्या पाच मिनिटांत ती दोन-तीनदा मुद्दाम थांबवून बघते, मी खरंच थांबते का ते. थांबते. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं दाराभोवती हलकेच टेकवून बघते. सगळीकडे सारखी भीती असेल तर एक अर्थ, आणि एका ठरावीक ठिकाणी मिरची लागल्यासारखी आग होत असेल तर वेगळा.

हे वेगळं काढणं महत्त्वाचं, कारण उपचाराची सुरुवात त्यावर ठरते. दह्यासारखं पांढरं अंगावरून जातंय, खाज आहे, तर बुरशीचं औषध आधी, आणि ते परत परत होत असेल तर साखरही तपासायची. कातडी पांढरी, पातळ झाली असेल तर तिचं मलम वेगळं. दाराशी नुसत्या टेकण्यानं आग होत असेल तर नसांचं दुखणं असू शकतं. बाळंतपणाचे टाके दुखत असतील, किंवा अंगावर पाजताना कोरडेपणा आला असेल, तर आधी चांगलं चाललेलं नंतर बिघडतं. पाळी कधीच आली नसेल तर सोनोग्राफीशिवाय पुढं जायचंच नाही, कारण काही मुलींमध्ये गर्भाशय आणि आतला मार्ग जन्मतः तयार झालेला नसतो. लहानपणी कोणी हात लावल्याचा, जबरदस्तीचा अनुभव असेल तर स्नायू सैल सोडायच्या व्यायामाआधी त्याबद्दल समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं येतं. आणि घरात आजही जबरदस्ती चालू असेल तर मी व्यायाम देतच नाही, कारण तिथं स्नायू आपलं काम बरोबर करतोय. अशा बाईला मी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर देते. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही, पण बघितल्याशिवाय मी खात्री देणार नाही.

आता एक प्रकरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बाई सव्वीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं, नवरा कापूस-तुरीची शेती करणारा. घरात सासू-सासरे, दीर, जाऊ. खोल्या दोन. आधी दोन दवाखाने झाले, एका भगताकडं लिंबू उतरवून झालं. नवऱ्याच्या मित्रांनी सल्ला दिला, ‘थोडी पाज तिले.’ त्यानं पाजली नाही, हे त्याचं नशीब. दारूनं भीती थोडा वेळ झाकली जाते, स्नायू शिकत काहीच नाही, आणि नशेतल्या बाईची संमती ही संमती नसते. माझ्याकडं आली तेव्हा टेबलाजवळ उभी राहूनच घामाघूम झाली. टेबलावर चढली नाही. मीही आग्रह केला नाही.

पहिला नियम दोघांना मिळून सांगितला : पुढचा हुकूम येईपर्यंत आत जाण्याचा प्रयत्न पूर्ण बंद. जवळ झोपा, हात फिरवा, मुके घ्या, पण ते नाही. लोकांना हा नियम उलटा वाटतो. पण रोज रात्री ‘आज होईल का’ ही परीक्षा असेल तर मेंदू दिवसभर पहाऱ्यावरच राहतो. नियमाचा एक फायदा लगेच दिसला. नवऱ्यानं हात लावला की ती दचकायची, ते आठवडाभरात थांबलं.

पहिले दोन आठवडे फक्त श्वास आणि स्नायू ओळखणं. पाठीवर झोपायचं, गुडघे वर, दोन्हीकडं उशा किंवा गोधडीची गुंडाळी लावून मांड्या बाहेर सैल सोडायच्या. हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येईल असा हळू घ्यायचा, सोडताना त्याहून हळू. मग लघवी अडवल्यासारखं पाच सेकंद आवळायचं आणि दहा सेकंद सोडायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. खऱ्या लघवीच्या वेळी हा व्यायाम करायचा नाही, तो फक्त ओळख पटायला. इथं बहुतेक जण चुकतात. युट्यूबवर बघून आवळण्याचाच व्यायाम जोरात करतात, जो बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या बाईसाठी आहे. इथला स्नायू आधीच जास्त आवळलेला असतो. आपल्याला शिकायचंय ते सोडणं, आवळायचं तेवढंच की ‘सुटलं’ म्हणजे काय हे कळावं. तिला मी म्हटलं, लघवीची धार सुरू होताना खाली जे ढिलं पडतं ना, ते श्वास सोडताना आणायचं. हे तिला चौथ्या-पाचव्या दिवशी जमलं.

तिसऱ्या आठवड्यात आरसा. तिनं तोवर स्वतःची ती जागा कधी बघितलीच नव्हती. ‘बाई, मले वाटलं छिद्र नसनच,’ म्हणाली. दिसलं तेव्हा तिला रडू आलं. तीन-चार दिवस फक्त बाहेरून बोट ठेवायचं, दाबायचं नाही. नंतर करंगळी. नख कापलेलं, हात साबणानं धुतलेला, बोटाला खोबरेल तेल. दाराशी बोट टेकवून थांबायचं, श्वास सोडायचा, आवळून सोडायचं, आणि सुटल्याच्या क्षणी पहिलं पेर आत. दिशा पोटाकडं नाही, पाठीच्या मणक्याकडं. बऱ्याच जणी सरळ वर ढकलतात आणि हाडाला लागून दुखतं. पेर आत गेलं की हलवायचं नाही. पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि खांदे, जबडा, मांड्या सैल आहेत का ते बघायचं. जबडा आवळलेला असेल तर खालचंही आवळलेलं असतं, हे माझं निरीक्षण आहे, करून बघा.

ताण वाटला, ओढल्यासारखं वाटलं तर चालतं. चिरल्यासारखं दुखलं तर थांबायचं, बोट काढायचं नाही, थोडं मागं आणून श्वास घ्यायचा. एकदम बाहेर काढलं तर मेंदू शिकतो की सुटका बाहेर काढल्यानं झाली. मागं आणून तिथंच थांबलं तर तो शिकतो की आत असतानाही दुखणं कमी होतं. साऱ्या उपचाराचा गाभा हा आहे. आपण वाट रुंद करत नाही, ती आधीच पुरेशी ताणणारी असते. आपण पहारेकऱ्याला ओळख करून देतो.

जागेचा प्रश्न तुमच्यासारखाच होता. रात्री जमेना, दीर शेजारच्या खोलीत. तिनं स्वतःच मार्ग काढला : दुपारी सगळे वावरात गेले की न्हाणीत, आंघोळीनंतर, एक पाय पाटावर ठेवून. गरम पाण्यानं अंग सैल असतं आणि न्हाणीची कडी कोणी वाजवत नाही. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पाळीच्या दिवसांत सुट्टी. मग वेचणी सुरू झाली, ती पहाटे वावरात आणि सांजच्याला परत, तीन आठवडे काही झालं नाही. तिला वाटलं सगळं वाया गेलं. गेलं नव्हतं. एक पायरी खाली उतरून सुरू केलं आणि चार दिवसांत पहिल्या जागी आली.

खरा धक्का बसला तो पुढं. तर्जनी आरामात जायला लागली तेव्हा दोघांनी मला न विचारता एका रात्री प्रयत्न केला. भिंत. ती दोन आठवडे आलीच नाही. आली तेव्हा मी चिडले नाही, फक्त हिशोब समजावला. तर्जनीची जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास, ताठ लिंगाची त्याच्या दुपटीहून जास्त. आणि बोट तिच्या ताब्यात होतं, नवरा नव्हता. म्हणजे एकाच रात्री दोन पायऱ्या उडी मारून गेले. त्यानंतर आम्ही मधल्या पायऱ्या घातल्या. आधी तिचीच दोन बोटं. मग डायलेटर. हे गुळगुळीत सिलिकॉनचे दांडे असतात, सगळ्यात लहान करंगळीएवढा, मोठा नवऱ्याच्या जाडीच्या जवळपास. ऑनलाइन मिळतात, पार्सलवर काय आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं. तिनं ते माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर मागवले. सिलिकॉनला सिलिकॉनची जेली लावायची नाही, पाण्याची जेली लावायची. परवडत नसेल तर डायलेटरशिवायही काम होतं, बोटांवरच पूर्ण उपचार केलेल्या बायका माझ्याकडे आहेत. मेणबत्ती, लाटण्याचं टोक, काकडी असले प्रयोग करू नका. त्यांची जखम मी शिवली आहे.

लहानाकडून दुसरा डायलेटर दहा मिनिटं आत ठेवून ती मोबाइलवर मालिका बघू शकली, तेव्हा तिसरा. ‘आत गेला’ ही पायरीची खूण नव्हे. ‘आत असताना कंटाळा आला’ ही खूण. हे वाक्य मी सगळ्यांना सांगते.

नंतर नवऱ्याचं बोट, पण मनगट तिच्या हातात. कधी आत, किती आत, ती ठरवणार. हे त्याला अवघड गेलं, ‘मी काय लहान लेकरू हाओ का?’ म्हणाला. दोन आठवडे धरलं त्यानं. मग ती वर, तो खाली निजलेला, हालायचं नाही. पहिल्या रात्री फक्त टेकवलं. तिसऱ्या-चौथ्या रात्री थोडं आत, मिनिटभर, तसंच स्तब्ध. पहिल्या भेटीपासून पाच महिन्यांनी पूर्ण संबंध झाला. तिनं मला फोन करून फक्त एवढंच म्हटलं, ‘म्याडम, पेपर पास.’

काहींना दोन महिने लागतात, काहींना वर्ष. टेबलावर सांगून-समजावून सैल पडणारी बाई लवकर पुढं जाते. टेबल बघूनच थरथरणारी, उलटी येणारी बाई हळू जाते, आणि तिला मानसोपचारतज्ज्ञाची मदत आधीच घ्यावी, गरज पडली तर थोडे दिवस गोळीही. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजांत स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत, एका फेरीत दोन्हीकडं दाखवता येतं. दाराशी आग होत असेल तर मी कधी कधी लिग्नोकेनची जेली देते, व्यायामाआधी दहा मिनिटं लावून पुसायची. पण सगळ्यांना नाही. बधिर जागी स्नायू काही नवीन शिकत नाही, आणि संबंधाआधी पुसली नाही तर नवराही बधिर होतो.

मोठ्या शहरांत या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. स्नायू साधारण तीन-चार महिने ढिला राहतो आणि त्या काळात डायलेटर शिकून घ्यायचे असतात. महिनोन्‌महिने नीट व्यायाम करूनही अडलेल्या बाईला मी ते सुचवते. पण इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम केला नाही, तर असर उतरल्यावर भिंत परत येऊ शकते. खर्चही मोठा असतो. तुम्ही व्यायाम अजून सुरूच केलेला नाही, त्यामुळे आज तुम्हाला त्याची गरज नाही.

मुलाबद्दल. सासूबाईंचा धीर सुटलाय हे कळतं. पूर्ण संबंध न होताही दिवस राहू शकतात, वीर्य दाराशी पडलं तरी कधी कधी राहतात. म्हणून तूर्त मूल नको असेल तर तेही लक्षात ठेवा, आणि निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, त्यानं रबर फाटतं. हवं असेल आणि करंगळीची पायरी जमत असेल, तर सुईशिवायच्या छोट्या सिरिंजनं नवऱ्याचं वीर्य घरच्या घरी आत सोडायचा मार्ग आहे, पाळीच्या मधल्या दिवसांत. तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. माझ्या दोन पेशंटना असे दिवस राहिले. फक्त त्यानं मूळ त्रास जात नाही. बाळंतपणासाठी केवळ या कारणानं सिझर लागत नाही. नऊ महिन्यांत लेबर रूमच्या सिस्टरला आधी सांगून ठेवायचं, आतून तपासणी कमीत कमी आणि विचारून करा म्हणून. बाळंतपण होऊनही हा त्रास राहू शकतो, हे खरं.

पुढच्या दवाखान्यात जाल तेव्हा जुनी फाइल न्या आणि सासूबाईंना बाहेर बसवायला सिस्टरला सांगा. डॉक्टरांना पहिलंच वाक्य हे म्हणा : ‘आमचा संबंध अजून एकदाही झालेला नाही, तपासणीत माझं अंग आपोआप आवळतं, आज आत काही घालू नका.’ हे ऐकून ज्या डॉक्टर खुर्ची ओढून बसतील त्यांच्याकडं राहा. ज्या ‘चढ टेबलावर’ म्हणतील तिथून चप्पल घालून निघा. तोवर श्वासाचा व्यायाम आजपासून करता येईल, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि नवऱ्याला आज रात्रीच सांगा की महिनाभर परीक्षा रद्द.